मर्मर ३/६: पिल्लाच्या कार्डावर आणि म्हाताऱ्या पॉमेरेनियनच्या कार्डावर

लसीला आणलेलं नऊ आठवड्यांचं गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू आणि खोकल्यासाठी आणलेला अकरा वर्षांचा पॉमेरेनियन, दोघांच्या कार्डावर एकच नोंद: मर्मर ३/६, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबर ऐकू येणारा जादा आवाज, सहापैकी तिसऱ्या श्रेणीचा. प्राण्यांच्या दवाखान्यात नुकतं काम सुरू केलेल्याला वाटतं की आकडा एक, म्हणजे आजाराची पायरीही एकच. तसं नसतं. ही श्रेणी मोजते ती फक्त आवाजाची मोठाई. तो आवाज कुठल्या झडपेतून येतो, कुठल्या भोकातून येतो, की पातळ झालेल्या रक्तातून येतो, हे श्रेणी सांगत नाही. छोट्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यात आवाजाचं कारण बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं, म्हणून तिथे आकड्याला थोडं वजन येतं. पिल्लात कारणच शोधायचं असतं. तिथे आकड्याआधी जागा, वेळ आणि पुढच्या तपासणीला आवाज टिकतो की जातो, हे बघावं लागतं.

ऐकण्याआधीची तयारी

पंखा बंद करा, एसीही बंद करा. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची मर्मर पंख्याच्या घरघरीत हमखास हरवते आणि मग कार्डावर 'हृदय ठीक' असं लिहून टाकलं जातं. कुत्रा उभा असू द्या. आडवा झाला की हृदय छातीच्या भिंतीला एका बाजूने टेकतं, आवाजाची जागा सरकते आणि घासल्याचे खोटे आवाज येतात. म्हातारा कुत्रा धापत असेल तर तोंड चार-पाच सेकंद हलकेच मिटून धरा आणि तेवढ्यात ऐका. श्वासाचा त्रास असलेल्या कुत्र्याला मात्र हे करू नका. पिल्लू सारखं हुंगत असेल तर त्याच्या नाकासमोर हळूच फुंकर मारली की ते क्षणभर थांबतं.

स्टेथोस्कोपचं डोकं लहान मुलांसाठीचं घ्या. दोन-तीन किलोच्या पिल्लाच्या छातीवर मोठ्यांचा डायफ्रॅम ठेवला तर झडपांच्या तिन्ही जागा त्याच्याखाली एकदम येतात आणि आवाज कुठला ते कळत नाही. केसाळ कुत्र्याचे केस बोटांनी बाजूला करा. पॉमेरेनियनच्या दाट केसांची खरखर अगदी फुप्फुसातल्या कुरकुरीसारखी ऐकू येते.

स्टेथोस्कोप लावण्याआधी दोन्ही तळवे छातीच्या दोन्ही बाजूंना सपाट ठेवा. हृदयाचा ठोका कुठे सर्वात जोरात लागतो ते बघा आणि त्याबरोबर हाताला थरथर जाणवते का तेही बघा. या थरथरीला थ्रिल म्हणतात आणि पाचव्या श्रेणीचा निर्णय तिच्यावरच ठरतो. आधी ऐकून मग हात लावला तर मोठा आवाज ऐकल्यावर थ्रिल 'वाटू' लागते. म्हणून क्रम असा की आधी हात, मग कान.

कुठे ऐकायचं

डाव्या बाजूला तीन जागा आहेत. पुढच्या पायाच्या कोपराशी, जिथे ठोका सर्वात जोरात लागतो, तिथे पाचव्या बरगडी-फटीत मायट्रल झडप ऐकू येते. या भागाला हृदयाचं टोक म्हणतात. तिथून एक फट पुढे आणि थोडं वर महाधमनीची झडप, आणि आणखी एक फट पुढे, जरा खाली, फुप्फुसधमनीची. या दोन जागा मिळून हृदयाचा तळ, बोलीभाषेत बेस. उजव्या बाजूला तिसऱ्या ते पाचव्या फटीत ट्रायकस्पिड झडप. हे सगळं झालं की डाव्या पुढच्या पायाला किंचित पुढे ओढून स्टेथोस्कोप काखेत, वरच्या बाजूला सरकवा. ही जागा बहुतेक नवखे सोडून देतात आणि पिल्लात ती सोडणं सर्वात महागात पडतं.

ऐकताना दुसऱ्या हाताची बोटं मांडीच्या आतल्या नाडीवर ठेवा. पिल्लाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या आसपास जाऊ शकतात. त्या वेगात पहिला आवाज कोणता आणि दुसरा कोणता हे कानाने ठरवणं अनुभवी माणसालाही जड जातं. नाडी बोटाला लागते त्याच वेळी मर्मर ऐकू आली तर ती आकुंचनाच्या काळातली, म्हणजे सिस्टोलिक. नाडीनंतरच्या शांततेतही आवाज चालूच राहिला तर ती सलग मर्मर. फक्त नाडीनंतर आली तर डायस्टोलिक. ती कुत्र्यात क्वचित असते आणि असली की गंभीर समजावी.

सहा पायऱ्या

अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युअल लेव्हाइन यांनी १९३३ साली माणसांसाठी मांडलेली सहा पायऱ्यांची पद्धत प्राण्यांसाठीही वापरली जाते. पहिल्या श्रेणीची मर्मर शांत खोलीत, कान देऊन, बराच वेळ ऐकल्यावर एखाद्याच ठिकाणी सापडते. दुसरीही मऊच, पण स्टेथोस्कोप योग्य जागी ठेवताच ऐकू येते आणि हृदयाच्या नेहमीच्या ठोक्यांपेक्षा हळू असते. तिसरी साधारण ठोक्यांइतकी मोठी. चौथी ठोक्यांपेक्षा मोठी आणि छातीवर दूरवर पसरते, पण हाताला थरथर लागत नाही. पाचवीत थरथर लागते. सहावीत थरथर तर लागतेच, शिवाय स्टेथोस्कोपचं डोकं छातीपासून जरासं उचललं तरी आवाज येत राहतो.

यातली पाचवी पायरी सर्वात पक्की आहे, कारण तिचा निर्णय हाताने होतो. दुसरी आणि तिसरी यांच्यामधली रेघ सर्वात कच्ची. एकाच कुत्र्याला एकाच दिवशी दोघांनी ऐकलं तर एका श्रेणीचा फरक सहज पडतो. म्हणून गेल्या वेळी २ होती आणि या वेळी ३ झाली, एवढ्यावरून आजार वाढला असं घरच्यांना सांगू नका. मागची नोंद वाचण्याआधी स्वतःची श्रेणी ठरवून लिहा, मग मागचं पान उलटा. आधी वाचलं तर कान तोच आकडा ऐकतो.

काही तज्ज्ञ आता सहाऐवजी चारच शब्द वापरतात: मऊ, मध्यम, मोठी आणि थरथरणारी. पहिली-दुसरी मऊ, तिसरी मध्यम, चौथी मोठी, पाचवी-सहावी थरथरणारी. रोजच्या कामाला ही विभागणी पुरेशी आहे आणि ऐकणाऱ्यांमधली भांडणंही कमी होतात. तरी पुढे दाखवायला पाठवायचं असेल तर सहाचा आकडा लिहावा, कारण बहुतेक मार्गदर्शक सूचनांमधल्या अटी त्याच मोजमापात आहेत.

म्हातारा छोटा कुत्रा: आकड्याला अर्थ का येतो

कुत्र्यांच्या हृदयविकारात सुमारे तीन चतुर्थांश वाटा मायट्रल झडपेच्या झिजेचा असतो आणि तो मुख्यतः छोट्या जातींमध्ये, उतारवयात दिसतो. आपल्याकडे पॉमेरेनियन, इंडियन स्पिट्झ, शित्झू, डॅशहुंड आणि ल्हासा अप्सो हे नेहमीचे रुग्ण. झडपेच्या पातळ पडद्यांना गाठी येतात, कडा जाड होऊन वळतात आणि झडप पूर्ण मिटत नाही. प्रत्येक आकुंचनाला थोडं रक्त डाव्या कर्णिकेत मागे जातं. मर्मर असते ती या उलट्या झोताची. त्यामुळे ती डाव्या टोकाशी सर्वात मोठी असते आणि पहिल्या ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत एकसारखी चालते. अगदी सुरुवातीला मर्मर नसून नुसती 'टिक' ऐकू येते, ठोक्यांच्या मधोमध. ती तिसरा ठोका समजून घाबरायचं कारण नाही, पण नोंद ठेवा.

इथे जागा आणि वेळ जवळजवळ ठरलेली असते, म्हणून मोठाई काहीतरी सांगते. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची मर्मर असलेल्या छोट्या कुत्र्याचं हृदय झडपेच्या गळतीने निकामी होत आलेलं असणं फारच क्वचित. अशा पॉमेरेनियनला हॉर्नच्या आवाजासारखा कोरडा खोकला असेल तर आधी श्वासनलिका बघा. ती दबून चपटी होणं हा या जातीचा नेहमीचा त्रास आहे, आणि नुसती मर्मर आहे म्हणून लघवी वाढवणारं औषध सुरू करणं ही दवाखान्यातली फार जुनी चूक आहे. याउलट पाचवी श्रेणी असेल तर गळती मोठी असण्याची शक्यता बरीच. तिसरी आणि चौथी हा मधला प्रदेश. तिथे आकडा फक्त एवढंच सांगतो की आता मोजमाप करायला हवं.

या आकड्याला इथेही मर्यादा आहेत. लठ्ठ कुत्र्यात चरबीमुळे आवाज दबतो. आजार अगदी शेवटाला पोचला, स्नायू थकला आणि रक्तदाब उतरला, तर झोताचा जोर कमी होऊन मर्मर हळू होऊ शकते. म्हणजे श्वास वाढलेला, हिरड्या फिकट आणि मर्मर मात्र मागच्यापेक्षा मऊ, हे सुधारणेचं लक्षण नव्हे.

अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय अंतर्गत वैद्यकशास्त्राच्या महाविद्यालयाने, म्हणजे एसीव्हीआयएमने, २०१९ साली या आजाराच्या पायऱ्या सुधारून दिल्या. मर्मर आहे पण त्रास नाही, अशा कुत्र्यांचे दोन गट केले आहेत. हृदय मोठं झालेलं नाही तो बी-१, आणि मोठं झालेलं आहे तो बी-२. बी-२ साठी मर्मर किमान तिसऱ्या श्रेणीची हवी, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या कर्णिकेचं महाधमनीशी गुणोत्तर १.६ किंवा जास्त हवं, वजनानुसार काढलेला डाव्या जवनिकेचा व्यास १.७ किंवा जास्त हवा, आणि एक्स-रेवर मणक्यांच्या मापाने हृदयाचा आकार १०.५ पेक्षा जास्त हवा. या गटाला पिमोबेंडन सुरू करायचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एपिक अभ्यासात ३६० कुत्रे होते आणि या औषधाने हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे १५ महिन्यांनी पुढे गेली. बी-१ मध्ये औषध नाही. फक्त सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा बघायचं. बी-१ ला 'सुरक्षितता म्हणून' गोळी देण्याचा मोह होतो, पण त्या टप्प्यावर तिचा फायदा सिद्ध झालेला नाही.

पिल्लू: आकडा शेवटी

पिल्लातली मर्मर तीन कारणांपैकी एकाने येते, आणि तपासणीचा क्रमही तसाच ठेवावा.

पहिलं कारण निरुपद्रवी. वाढत्या पिल्लाचं हृदय आकाराच्या मानाने भरपूर रक्त जोरात ढकलतं, रक्तवाहिन्या मात्र अजून अरुंद असतात आणि त्या वयात रक्तही मोठ्यांपेक्षा पातळ असतं. त्यातून डाव्या तळाशी मऊ, छोटीशी, आकुंचनाच्या सुरुवातीलाच संपणारी मर्मर येते. ती पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची असते, एका बोटाएवढ्या जागेत राहते आणि पिल्लू उभं-बसलं, घाबरलं-शांत झालं की बदलते. बहुतेक पिल्लांत चार महिन्यांपर्यंत ती जाते, काहींत सहा महिन्यांपर्यंत रेंगाळते.

दुसरं कारण रक्तक्षय किंवा ताप. महाराष्ट्रात हे विसरून चालत नाही. हुकवर्म, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत, आणि पावसाळ्यात वाढणाऱ्या गोचिड्यांमुळे होणारे बबेसिया व एर्लिकिया हे आजार पिल्लाला झपाट्याने फिकट करतात. पातळ रक्त वेगाने वाहतं आणि मर्मर करतं. इथे हृदय निर्दोष असतं. म्हणून मर्मर ऐकली की हिरड्यांचा रंग बघा आणि रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, काढा. आठ-नऊ आठवड्यांच्या पिल्लाचं ते ३० टक्क्यांच्या आसपास असलं तरी वयाला धरून चालतं. त्याच्या बरंच खाली असेल तर जंत, गोचिड्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच आधी बघा.

तिसरं कारण जन्मजात दोष. यात चार नावं लक्षात असली तरी बहुतेक काम भागतं. फुप्फुसधमनीचं तोंड अरुंद असणं: डावा तळ, मोठी मर्मर, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बीगलमध्ये जास्त. महाधमनीच्या झडपेखालची अरुंद कडा: डावा तळ, पण आवाज मानेच्या मुळाशी उजवीकडे आणि कधी मानेतल्या धमनीवरही चढतो. गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, बॉक्सर आणि न्यूफाउंडलंड यांच्यात जास्त. दोन जवनिकांमधल्या पडद्याला भोक: उजवीकडे उरोस्थीजवळ मोठी मर्मर. आणि चौथी, उघडी राहिलेली नळी, जिला पीडीए म्हणतात. गर्भात महाधमनी आणि फुप्फुसधमनी जोडणारी ही नळी जन्मानंतर बंद व्हायला हवी. ती उघडी राहिली की डाव्या काखेत वरच्या बाजूला सलग, न थांबणारी मर्मर येते आणि मांडीतली नाडी जोराने उसळते.

आकडा फसवतो तो इथेच. पडद्यातलं भोक जितकं लहान तितकी मर्मर मोठी असू शकते, कारण पाण्याच्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबल्यावर होतं तसंच तिथे होतं. रक्त थोडंच जातं, पण झोत तीव्र असतो. चौथ्या-पाचव्या श्रेणीचं असं पिल्लू पुढे वर्षानुवर्षं धडधाकट राहू शकतं. उलट भोक फार मोठं असेल आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला तर मर्मर जवळजवळ ऐकूच येत नाही. पीडीएमध्ये फुप्फुसातला दाब चढून प्रवाह उलटा झाला की मर्मर नाहीशी होते, आणि पिल्लाच्या हिरड्या गुलाबी पण योनीची किंवा शिस्नाची त्वचा निळसर दिसते. अशा वेळी कार्डावर 'मर्मर नाही' असंच लिहिलेलं सापडतं.

पीडीए चुकण्याचा दुसरा, जास्त सामान्य मार्ग असा. टोकाशी ऐकलं तर सलग मर्मरीचा फक्त आकुंचनाचा भाग पोचतो. ती मायट्रल गळतीसारखी वाटते आणि शोध तिथेच थांबतो. म्हणून पिल्लात 'मायट्रल' वाटणारी प्रत्येक मर्मर ऐकल्यावर स्टेथोस्कोप काखेत सरकवलाच पाहिजे. ही नळी वेळेत बंद केली, शिरेतून छत्रीसारखं बूच बसवून किंवा छाती उघडून बांधून, तर कुत्रा सर्वसाधारण आयुष्य जगू शकतो. न बंद केलेल्यांपैकी बरेच पहिल्या वर्षाच्या आसपास हृदय निकामी होऊन जातात. एवढा मोठा फरक पाडणारा दुसरा हृदयदोष पिल्लांच्या तपासणीत नाही, म्हणून काखेचे ते दहा सेकंद टाळू नयेत.

मग पिल्लाला कधी पुढे पाठवायचं? रक्तक्षय नसताना किंवा तो सुधारल्यावरही मर्मर तिसऱ्या श्रेणीची किंवा जास्त असेल, सलग किंवा डायस्टोलिक असेल, उजवीकडे जास्त ऐकू येत असेल, नाडी विचित्र असेल, किंवा पिल्लू वाढत नसेल, लवकर दमत असेल, चक्कर येऊन पडत असेल, तर थेट इको. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची असेल आणि पिल्लू गुबगुबीत, खेळकर असेल, तर प्रत्येक लसीच्या भेटीला पुन्हा ऐका. सोळा आठवड्यांच्या भेटीलाही टिकली असेल तर इको सुचवा, आणि सहा महिन्यांनंतरही असेल तर आग्रह धरा.

तीच ३/६, दोन टेबलांवर

समजा, पहिल्या टेबलावर गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू आहे, नऊ आठवड्यांचं, ५ किलो. मर्मर ३/६, सिस्टोलिक, डावा तळ. थ्रिल नाही. काखेत सलग आवाज नाही, नाडी उसळत नाही. हिरड्या जरा फिकट. पीसीव्ही २४ टक्के, विष्ठेत हुकवर्मची अंडी. इथे दोन कारणं एकावर एक बसली आहेत आणि रक्तक्षय सापडला म्हणून शोध संपला असं समजणं हा सापळा आहे. जंतांसाठी फेनबेंडाझोल ५० मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे रोज २५० मिलिग्रॅम, तीन दिवस. सोबत लोह आणि आहार. गोचिड्यांचा बंदोबस्त. लस पिल्लू सावरल्यावर.

तीन आठवड्यांनी पीसीव्ही ३४. रक्तक्षयाची मर्मर असती तर एव्हाना हळू व्हायला हवी होती. ती अजून ३/६ आहे, आणि या वेळी मानेच्या मुळाशी उजवीकडे स्टेथोस्कोप ठेवल्यावर तिथेही ऐकू येते. जात, जागा आणि पसरण्याची दिशा, तिन्ही एकाच दोषाकडे बोट दाखवतात: महाधमनीच्या झडपेखालची अरुंद कडा. इकोमध्ये डॉपलरने तिथल्या रक्ताचा वेग सेकंदाला ३.२ मीटर येतो. दाबातला फरक काढायचा तर वेगाचा वर्ग करून चारने गुणायचं: ३.२ चा वर्ग १०.२४, गुणिले ४, म्हणजे सुमारे ४१ मिलिमीटर पारा. ५० च्या खाली तो सौम्य, ५० ते ८० मध्यम, ८० च्या वर तीव्र.

सौम्य आलं म्हणून फाइल बंद करायची नाही. ही कडा पिल्लाबरोबर वाढते आणि पहिल्या वर्षभरात जास्त घट्ट होऊ शकते. म्हणून एक वर्षाचं झाल्यावर इको पुन्हा करा. तेव्हा वेग ३.८ आला तर फरक सुमारे ५८, म्हणजे कुत्रा मध्यम गटात गेला. घरच्यांना आजच दोन गोष्टी सांगायच्या. या कुत्र्याची पिल्लं काढायची नाहीत, कारण दोष वंशात उतरतो. आणि दातांची किंवा कुठलीही जंतूंचा धोका असलेली शस्त्रक्रिया करताना हा दोष आधी सांगायचा, कारण खडबडीत झालेल्या झडपेवर जंतू बसण्याचा धोका जास्त असतो.

दुसऱ्या टेबलावर पॉमेरेनियन, अकरा वर्षांचा, ४.२ किलो. मर्मर ३/६, डावं टोक, पूर्ण आकुंचनभर. खोकला आहे, पण झोपेत श्वास मिनिटाला २२. ठोके श्वासाबरोबर हळू-जलद होतात. हृदय निकामी होऊ लागलं की हा नैसर्गिक चढउतार सहसा जातो आणि ठोके सरळ जलद चालतात, त्यामुळे हे चांगलं चिन्ह. एक्स-रेवर हृदय ११ मणके. इथे घाई होते. १०.५ ची अट ओलांडली, म्हणून बी-२ असं लिहिलं जातं. पण पॉमेरेनियनमध्ये निरोगी कुत्र्यांची सरासरीच १०.५ च्या आसपास आहे. या जातीत ११ म्हणजे कदाचित काहीच नाही. इको उपलब्ध नसेल तर एसीव्हीआयएमने एक्स-रेवरून निर्णय घेण्यासाठी ११.५ ची रेघ दिली आहे. हा कुत्रा त्याच्या खाली आहे, म्हणजे इकोशिवाय औषध सुरू करायचं कारण नाही.

इको होतो. कर्णिका १.९ सेंटीमीटर, महाधमनी १.१, गुणोत्तर १.७३. डावी जवनिका २.७ सेंटीमीटर. वजनाचा ०.२९४ वा घात करून त्याने भागायचं. ४.२ साठी तो १.५२ येतो, म्हणून माप १.७७. दोन्ही अटी पूर्ण, कुत्रा बी-२. पिमोबेंडनची मात्रा दर बारा तासांनी ०.२५ ते ०.३ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे याला १.२५ मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी आणि एक संध्याकाळी, जेवणाआधी तासभर. पोट भरलेलं असताना हे औषध नीट शोषलं जात नाही. खोकल्यासाठी मानेचा आणि छातीचा एक्स-रे श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना असा दोनदा काढा. मोठी झालेली कर्णिका श्वासनलिकेच्या फांदीवर दाब देत असेल किंवा नळीच चपटी होत असेल, आणि या वयात दोन्ही एकत्र असणं नवल नाही.

मर्मर यापुढे दर भेटीला ऐकायचीच, पण या कुत्र्याचं भवितव्य त्या आकड्यावर बेतू नका. घरच्यांना झोपेतला श्वास मोजायला शिकवा. कुत्रा गाढ झोपला की छातीचं एकदा वर-खाली होणं म्हणजे एक श्वास. पूर्ण मिनिट मोजायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, वहीत तारखेसह. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हाचं मोजमाप धरायचं नाही, आणि पंख्याशिवाय उकाड्यात झोपलेल्या कुत्र्याचंही नाही. आकडा ३० च्या वर गेला तर तासाभराने पुन्हा मोजायचा. तरीही वरच असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात आणायचं. ४० च्या वर असेल, मान पुढे ताणून बसत असेल किंवा आडवं व्हायला तयार नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही.

कार्डावर काय लिहायचं

नुसतं '३/६' लिहू नका. पिल्लाच्या कार्डावर असं लिहा: ३/६, सिस्टोलिक, डावा तळ, मानेकडे उजवीकडे पसरते, थ्रिल नाही, काखेत सलग आवाज नाही, मांडीची नाडी बेताची, पीसीव्ही ३४, वय १२ आठवडे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या कार्डावर: ३/६, सिस्टोलिक, डावं टोक, ठोके ११० आणि श्वासाबरोबर बदलणारे, झोपेतला श्वास २२, वजन ४.२. पुढच्या भेटीला दुसरा कोणी ऐकणार असेल तर त्याला तुलना करायला या ओळीत सगळं मिळतं. ओळ लिहिताना एखादी जागा रिकामी राहिली, तर ती जागा ऐकायची राहिली आहे. कुत्रा टेबलावरून उतरण्याआधीच तिथे स्टेथोस्कोप पुन्हा ठेवा.